40 पैकी 37, तरी नापास

निकाल वाचताना सुभेदारसाहेबांनी माझं नाव दोनदा घेतलं. पहिल्यांदा वर्गात सगळ्यात जास्त गुण म्हणून, आणि दुसऱ्यांदा नापासांच्या यादीत. पहिल्या वेळी मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. दुसऱ्या वेळी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला तर वाटलं, घाईत नाव चुकून इकडचं तिकडे झालं असेल. चुकलं नव्हतं.

मी सातारा एमआयडीसीतल्या एका प्रेसशॉपमध्ये स्टोअर बघतो. कारखाने अधिनियम 1948 च्या 45व्या कलमात दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी सांगितली होती, आणि पेटी ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे प्रथमोपचाराचं मान्य प्रमाणपत्र हवं, असंही. आमच्याकडे दोन पेट्या. त्यातली एक ज्यांच्याकडे होती ते काका मे महिन्यात रिटायर झाले, पेटी स्टोअरमध्ये आली आणि पेटीच्या मागोमाग कोर्सही माझ्या गळ्यात पडला. माझ्याबरोबर मेंटेनन्सचा विशाल आणि कँटीनच्या सुनंदामावशी. मावशींना का पाठवताय, असं कुणीतरी ऑफिसात विचारलंही. एचआरचं उत्तर सरळ होतं: कँटीन तिन्ही शिफ्टच्या माणसांचं, आणि मावशी जागेवर असतात.

कोर्स जूनमधल्या एका शनिवार-रविवारी, राधिका रोडजवळच्या एका हॉलमध्ये. बावीस जण होतो. शिकवायला लष्कराच्या वैद्यकीय दलातून निवृत्त झालेले एक सुभेदार. आवाज असा की माइकची गरज नाही. शनिवारी सकाळीच त्यांनी परीक्षेचा नियम सांगून टाकला. 40 प्रश्न, प्रत्येकी एक गुण, पास व्हायला 28. पण त्यातले सहा प्रश्न असे, की त्यातला एकही चुकला तर बाकीचे सगळे बरोबर असले तरी नापास. ते सहा कुठले, हे पेपरवर कुठेही लिहिलेलं नसणार. नियमावलीत त्यांना ‘अनिवार्य अचूक प्रश्न’ असं भारदस्त नाव होतं. साहेब त्यांना ‘दांडी प्रश्न’ म्हणायचे. चुकलात की दांडी गुल, मग तुम्ही आधी किती रन काढलेत ते कुणी विचारत नाही.

हा अन्याय आहे, असं विशाल तिथल्या तिथे म्हणाला. साहेबांनी त्याला उभं केलं आणि विचारलं, “त्रिकोणी पट्टीची गाठ मानेच्या मागे बांधावी की बाजूला, यालाही एक गुण. आणि करंट लागलेल्या माणसाला आधी हात लावावा की आधी मेन बंद करावी, यालाही एकच गुण. पहिला चुकला तर काय होईल?”

“गाठ टोचेल.”

“दुसरा चुकला तर?”

विशाल खाली बसला.

शनिवारचा दिवस मी वहीत उतरवण्यात घालवला. मला सवयच आहे ती. स्टोअरला असल्यामुळे जे दिसेल त्याची एंट्री करतो. साहेब बोलत होते, मी लिहीत होतो. भाजलं तर वाहतं पाणी, 20 मिनिटं, टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. फिट आली तर धरून ठेवायचं नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. साप चावला तर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, तो अवयव स्थिर ठेवून थेट दवाखाना. मावशी मात्र काही लिहीत नव्हत्या. त्या साहेबांच्या हातांकडे बघत बसल्या होत्या आणि प्रात्यक्षिकाची वेळ आली की पदर खोचून सगळ्यांच्या आधी चटईवर. छातीवर दाब द्यायच्या रबरी पुतळ्याला आमच्या गटाने ‘बापू’ नाव ठेवलं होतं. दाब पुरेसा खोल, म्हणजे पाच ते सहा सेंटिमीटर गेला, की बापूच्या छातीत ‘टक’ वाजायचं. माझ्या हाताखाली तो तिनातून एकदा वाजायचा. मावशींच्या हाताखाली टकटक टकटक, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या ठेक्यात. रोज पाच किलो कणीक मळणारा हात आहे तो.

त्या रात्री मी वहीतल्या नोट्स आटोपशीर करून एका पानावर आणल्या. माणूस बेशुद्ध असेल तर काय, याचं मी दोन ओळींत गणित केलं होतं आणि त्याचा मला जरा अभिमानही वाटत होता:

श्वास आहे – कुशीवर वळवा.
श्वास नाही – छातीवर दाब.

या दोन ओळींनीच घात केला.

रविवारी दुपारी तीनला पेपर. तासाभराची वेळ. पहिले 25 प्रश्न सरळ होते, शेवटचे 15 प्रसंगांचे. प्रसंग म्हणजे चार-पाच ओळींची एक घटना आणि खाली चार पर्याय. मराठी भाषांतर कुणी केलं होतं देव जाणे. कुशीवर वळवण्याला त्यात ‘रुग्णास पुनर्प्राप्ती स्थितीत ठेवावे’ असं म्हटलं होतं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी, जे एका पतसंस्थेत आहेत, हळूच विचारलं, “ही वसुलीची भानगड काय आहे?” परीक्षेत बोलायचं नसतं, पण हसू आवरलं नाही.

प्रसंगांमधला करंटचा प्रश्न साहेबांनी विशालला विचारला होता तसाच निघाला, फक्त शेतातला. रात्रीची वेळ, मोटर चालू करायला गेलेला माणूस स्टार्टरच्या पेटीपाशी पडलाय, हात पेटीला टेकलेला, आणि तुम्ही पोहोचता तेव्हा लाइट गेलेली आहे. पहिली कृती कोणती? ‘लाइट गेली आहे, त्यामुळे हात धरून बाजूला ओढणे’ असा एक पर्याय होता आणि तो दिसायला फार शहाणा होता. पण आपल्याकडे शेतीची लाइट कधी येते-जाते हे ज्याने भोगलंय तो फसणार नाही. ओढायला वाकाल आणि लाइट येईल. आधी फ्यूज काढा किंवा मेन स्विच पाडा, मग हात लावा. हा दांडी प्रश्न असणार हे मी वाचतानाच ओळखलं आणि बरोबर खूण केली.

बत्तिसावा प्रश्न मात्र मी ओळखला नाही. जसाच्या तसा आठवतोय, कारण नंतर पंधरा दिवस तो डोक्यातून गेला नाही. पोवई नाक्यावर रिक्षाची वाट बघणारे 55 वर्षांचे गृहस्थ एकाएकी खाली कोसळतात. तुम्ही मोठ्याने हाक मारता, खांदे हलवता, प्रतिसाद नाही. तोंड उघडं आहे. साधारण दर आठ-दहा सेकंदांनी ते घोरल्यासारखा आवाज करत एक मोठा श्वास ओढतात, मध्ये काहीच हालचाल नाही. तुम्ही काय कराल? पहिला पर्याय, ‘पुनर्प्राप्ती स्थितीत’ ठेवून 108 ची वाट बघणे. दुसरा, तोंडावर पाणी मारून शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न. तिसरा, कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगून लगेच छातीवर दाब सुरू करणे. चौथा, मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजून मग ठरवणे.

पाणी मारणं मी ताबडतोब खोडलं. नाडीही खोडली, साहेबांनी सांगितलं होतं की घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातले ठोके लागतात आणि मिनिट वाया जातं. उरले दोन. माझ्या डोळ्यांसमोर वहीतलं ते पान आलं. श्वास आहे का? प्रश्नातच लिहिलंय, ‘श्वास ओढतात’. घोरल्यासारखा आवाज आहे म्हणजे जीभ मागे पडली असेल, कुशीवर वळवलं की वाट मोकळी होईल. अगदी तर्कशुद्ध. मी पहिल्या पर्यायावर खूण केली, आणि अर्ध्या मिनिटात पुढे गेलो. शंकासुद्धा आली नाही, हे मला आजही टोचतं.

पेपर तिथेच तपासले. माझे तीन प्रश्न चुकले होते. भाजल्यावर पाण्याखाली किती वेळ धरायचं ते घाईत पाचवर खूण केली होती, झोळीच्या गाठीचा एक, आणि हा बत्तिसावा. एकूण पाच जण नापास, त्यातले चार दांडी प्रश्नामुळे. सुनंदामावशींना 31 पडले होते. सहाही दांडी प्रश्न बरोबर. त्या पास.

सगळे चहाला गेल्यावर मी पेपर घेऊन साहेबांकडे गेलो. भांडायला नव्हे, पण थोडं भांडायलाच. म्हटलं, “साहेब, प्रश्नात श्वास आहे असं तुम्हीच लिहिलंय. श्वास असताना छाती दाबायची कशी?”

त्यांनी माझी वही मागितली. ते पान वाचलं, पेन काढलं आणि काही न लिहिता परत खिशात ठेवलं. मग घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, बापूला उचलून कडेला ठेवलं, आणि स्वतः त्या चटईवर उताणे झोपले. साठी ओलांडलेला, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस. “दहा सेकंद मोज,” म्हणाले, आणि डोळे मिटले.

त्यांचं तोंड सैल उघडं पडलं. काहीच नाही. तीन सेकंद, चार. मग हनुवटी एकदम वर झाली, खालचा जबडा हलला, घशातून खर्रकन एक आवाज आला आणि मान परत सैल पडली. छाती नावापुरतीच हलली. पुन्हा काहीच नाही. सात, आठ, नऊ, दहा. दुसरा श्वास आलाच नाही. मी अकरा-बारापर्यंत मोजत राहिलो, कारण यायला हवा असं वाटत होतं.

चहाचे कप घेऊन आलेल्या मावशी दारातच थांबल्या होत्या. “अवो साहेब, उठा. असलं नका करू बाई,” म्हणाल्या.

साहेब उठून बसले. “मावशी, याला सांगा तुम्ही काय लिहिलं बत्तिसाव्याला.”

“दाब द्याचा.”

“का? श्वास तर घेत होता की.”

“त्यो कुठं श्वास हाय? आचकं हायत ते. मासा नदीतनं काठावर टाकला की कसा तोंड उघडतो, तसं.” मावशी मूळच्या संगम माहुलीच्या. कृष्णा आणि वेण्णेच्या काठावर लहानपण गेलेलं. त्यांना हे कुणी शिकवायला लागलं नव्हतं.

मग साहेबांनी मला ते नीट उलगडून सांगितलं, आणि हे शनिवारीही त्यांनी सांगितलं होतं हे कबूल करायला हवं. मी ते दोन ओळींत बसवताना सांडून टाकलं होतं. हृदय जेव्हा एकाएकी थांबतं, म्हणजे बऱ्याचदा ते नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकलत नाही, तेव्हा माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. पण मेंदूच्या अगदी तळाशी, मानेच्या बाजूला, जो भाग श्वास चालवतो त्यात थोडा वेळ धुगधुगी उरते. तो भाग अधूनमधून एखादा आचका काढतो. कधी घोरल्यासारखा, कधी कण्हल्यासारखा, कधी नुसताच जबडा हलतो. काही मिनिटं चालतं, दोन आचक्यांमधलं अंतर वाढत जातं आणि मग बंद. त्या आचक्याने पुरेशी हवा फुप्फुसात जात नाही, आणि गेली तरी ती हवा घेऊन पुढे जायला रक्त कुठे वाहतंय? अचानक हृदय थांबलेल्या बऱ्याच माणसांत पहिल्या मिनिटांत हे दिसतं. म्हणजे ज्याला अजून वाचवता येईल त्याच्यातच दिसतं.

“आणि नेमकं हेच बघून लोक थांबतात,” साहेब म्हणाले. “108 वाला विचारतो, श्वास चालू आहे का? हा सांगतो, हो हो, घोरतायत. झालं. समोरच्यालाही तो चुकीच्या वाटेला लावतो.” दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. माझ्या उत्तराप्रमाणे ते गृहस्थ छान कुशीवर वळवलेले, डोक्याखाली माझा हात, आणि गाडी यायला पंधरा मिनिटं.

मी विचारलं, “आणि माझी चूक उलटी झाली तर? गरज नसताना दाबलं तर?”

“तर तो कण्हेल, हात झटकेल, तुला शिवी देईल. थांबायचं. एखादी बरगडी दुखेल फार तर.” या दोन चुकांचं वजन सारखं नाही, म्हणून तो दांडी प्रश्न.

मला खरं तर आणखी एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारावी की नाही कळत नव्हतं. माझे आजोबा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी, माजघरात. दोन दिवस अंथरुणाला खिळलेले, आणि शेवटच्या रात्री घरघर लागली. चुलत्यांनी सगळ्यांना उठवलं, आजीने तुळशीचं पान आणि पाणी तोंडात घातलं. तो आवाज मला माहीत होता. मग तेव्हा कुणी काही करायला हवं होतं का?

साहेबांनी लगेच मान हलवली. “नाही. ते वेगळं.” महिनोन्महिने आजारी माणसाच्या शेवटाला घशात जो कफ साठतो त्याची ती घरघर. तिथे शरीर हळूहळू मिटत असतं आणि घरच्यांना, डॉक्टरला ते माहीत असतं. इथे पाच मिनिटांपूर्वी रिक्षाला हात करणारा माणूस पडलाय. आवाज सारखे वाटतील, पण एकाचं आयुष्य संपलेलं आहे आणि दुसऱ्याचं थांबलेलं. “तू आवाज ऐकून ठरवू नकोस. आवाज फसवतो. घड्याळ बघ.”

घड्याळाची ती रीत त्यांनी मला तिथेच पाठ करायला लावली. हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही, की कपाळावर हात, हनुवटीला दोन बोटं, मान मागे. कान त्याच्या तोंडाशी, डोळे त्याच्या छातीवर. दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. मोठा माणूस शांतपणे मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. म्हणजे दहा सेकंदांत किमान दोन तरी, सारख्या अंतराने आणि छाती खरोखर वर-खाली करणारे दिसलेच पाहिजेत. दिसले नाहीत, किंवा दिसले की नाही याची खात्री नाही, तर ‘नीट श्वास नाही’ असं धरायचं आणि सुरू करायचं. छातीच्या मध्यावर तळहाताची टाच, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ. शिकलेला असशील आणि तोंडाने श्वास द्यायची तयारी असेल तर 30 दाबांमागे दोन श्वास; नसेल तर नुसते दाब देत राहायचे. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण आपण दमलोय हे आपल्याला कळायच्या आधी दाब उथळ झालेला असतो.

आणि एक, जे शनिवारी मी लिहूनही घेतलं नव्हतं. चांगला दाब चालू असतानाही आचका येऊ शकतो, कारण मेंदूकडे थोडं रक्त पोहोचायला लागलेलं असतं. तेव्हा लोक आनंदाने हात काढून घेतात. आचका आला म्हणून हात काढायचा नाही. माणूस हालचाल करायला लागला, डोळे उघडले, नीट श्वास घ्यायला लागला, तर.

पंधरा दिवसांनी फेरपरीक्षा होती. फक्त सहा प्रसंग, सहाही बरोबर यायला हवेत. तोवर मी घरी बायकोला, कंपनीत विशालला, आणि एकदा एसटीत शेजारी झोपलेल्या एका अनोळखी काकांना दहा-दहा सेकंद मोजून झालो होतो. काकांचे तीन भरले. झोपेतलं घोरणं किती नियमित असतं याच्याकडे मी आयुष्यात कधी लक्ष दिलं नव्हतं.

फेरपरीक्षेचा चौथा प्रश्न वाचला आणि हात थांबला. 21 वर्षांची मुलगी. झटके आले, दोन मिनिटांनी थांबले. आता हाक मारून प्रतिसाद नाही, तोंडाशी फेस, घोरल्यासारखा आवाज. पर्याय जवळजवळ तेच. माझं बोट तिसऱ्या पर्यायाकडे, छातीवर दाब, असं सरळ सरकत होतं. घोरणं आहे, प्रतिसाद नाही, मागच्या वेळी इथेच पडलो होतो. आता नाही फसणार.

आणि मग साहेबांचा तो चटईवरचा जबडा आठवला, आणि घड्याळ. मी प्रश्न परत वरून वाचला. तिसऱ्या ओळीत होतं: ‘दर चार सेकंदांनी श्वास, छाती स्पष्ट वर-खाली होत आहे.’ म्हणजे मिनिटाला पंधरा. दहा सेकंदांत दोन भरून वर उरले. हा आचका नाही, फिटनंतरची गाढ गुंगी आहे. घोरणं जिभेमुळे, फेस लाळेमुळे. हिला कुशीवर वळवायचं, फेस बाहेर पडू द्यायचा, श्वासावर नजर ठेवायची आणि 108 ला कळवायचं. म्हणजे गेल्या वेळी माझं जे उत्तर चुकलं होतं, तेच इथे बरोबर.

पेपर देताना मी साहेबांना म्हटलं, “मुद्दाम घातलात ना हा?” ते म्हणाले, नापास झालेला माणूस पुढच्या वेळी हटकून उलट्या बाजूला पडतो, म्हणून फेरपरीक्षेत हा असतोच. वर आणखी एक पुरवणी जोडली: हृदय थांबल्यावरही सुरुवातीला काही सेकंद झटके येऊ शकतात, त्यामुळे झटके दिसले म्हणजे फिटच, असंही समजायचं नाही. झटके थांबले की दहा सेकंद मोजायचेच. मी म्हटलं, हे पेपरच्या आधी सांगायचं की. ते नुसते हसले.

सहाही बरोबर आले. प्रमाणपत्र आठवड्याने कंपनीच्या पत्त्यावर आलं, माझ्या नावात एक वेलांटी चुकीची.

पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आधीच्या काकांनी चिकटवलेला एक पिवळा पडलेला कागद होता. तो काढला आणि त्या जागी माझा लावायचा म्हणून स्टोअरमध्ये बसून लिहायला घेतला. या वेळी ओळी अशा होत्या: ‘नीट श्वास आहे – कुशीवर. नीट श्वास नाही – 108 आणि छातीवर दाब, लगेच.’ ‘नीट’ हा शब्द जाड मार्करने, दोन्हीकडे.

मावशी चहाची किटली घेऊन आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

“दादा, नीट म्हंजे किती, ते कुठं लिवलंय?”

मी मार्कर परत उघडला आणि खाली लिहिलं: दहा सेकंदांत दोन.